दर ओळीला भत्ता: कोल्हापुरातल्या एका टीए-डीए शीटचं प्रकरण

शाहूपुरीतली एक वितरण फर्म. जनावरांची औषधं आणि पशुखाद्यातली पूरकं विकते, त्यामुळे तिची माणसं दुकानात कमी आणि दूध संस्था, पशुवैद्यकांचे दवाखाने, मेडिकलची दुकानं यांच्या पायऱ्यांवर जास्त. चौदा प्रतिनिधी, बहुतेक सगळे स्वतःच्या दुचाकीवर. महिनाअखेरीला प्रत्येकजण आपली एक्सपेन्सची शीट भरून पाठवायचा, अकाउंट्सच्या मॅडम ती तपासायच्या आणि पुढच्या महिन्याच्या सात तारखेला पैसे खात्यावर जायचे. मालकांची तक्रार होती की क्लेम फुगत चाललेत. गडहिंग्लज लाइनच्या प्रतिनिधीची तक्रार बरोबर उलटी: "मॅडम, ह्या म्हैन्यात बी कट मारलाय की ओ. मी काय घरात बसलोतो व्हय?"

दोघंही खरं बोलत होते, आणि मला या प्रकरणात रस वाटला तो त्यामुळेच. एकच शीट एका बाजूला जास्त पैसे देत होती आणि दुसऱ्या बाजूला कमी, आणि बेरजेत दोन्ही चुका एकमेकींना झाकत होत्या.

आधी नियम काय होते ते पाहू. दुचाकीला ३१ जुलैपर्यंत किलोमीटरला ₹४.५० आणि १ ऑगस्टपासून ₹५. रोजचा भत्ता तीन प्रकारचा. कोल्हापूर शहर आणि आसपासच्या पट्ट्यात फिरलं तर एच.क्यू., म्हणजे ₹१२०. बाहेर जाऊन त्याच दिवशी परत आलं तर एक्स-स्टेशन, ₹२२०. रात्री मुक्काम पडला तर आऊटस्टेशन, ₹४५०. मुक्काम नसेल आणि काम सहा तासांपेक्षा कमी झालं असेल तर भत्ता निम्मा. दुचाकीच्या प्रवासाला महिन्याला ₹९,००० ची मर्यादा. गावागावांतल्या अंतराचा एक तक्ता फर्मने केलेला होता आणि त्याहून दहा टक्के जास्त किलोमीटर कारण न विचारता मान्य होते. नियम साधे आहेत, एका पानात बसतात. घोळ त्यांच्यात नव्हता.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण मालकांशी पहिला वाद त्यावरच झाला. गडहिंग्लजला जाणारे बरेचजण कागल, निपाणी, संकेश्वर असे हायवेने जातात आणि पेट्रोल कर्नाटकात थोडं स्वस्त पडतं म्हणून टाकी निपाणीत भरतात. "मग त्यांना पाच रुपये कशाला द्यायचे, पेट्रोलची बिलंच मागू या," असं मालकांचं म्हणणं. पण किलोमीटरचा दर म्हणजे पेट्रोलची परतफेड नव्हे. त्यात टायर, ऑइल, सर्व्हिसिंग, विमा आणि गाडीची झीज धरलेली असते. गाडी माणसाची स्वतःची आहे, म्हणून तर दर ठरवून द्यायचा. बिलं मागितली की पेट्रोलचं बिल येतं, घासलेल्या टायरचं कधीच येत नाही. ते त्यांना पटलं.

आता जुनी शीट. एका ओळीत एक फेरी: तारीख, कुठून, कुठे, किलोमीटर, दर, रक्कम, भत्ता, एकूण. भत्त्याच्या रकान्यात सूत्र होतं, ते 'कुठे' या गावावरून भत्त्याची रक्कम उचलायचं. तळाशी एकच सूत्र होतं:

```
=MIN(SUM(H2:H90),12000)
```

बारा हजारांचा आकडा धोरणात कुठेच नव्हता. पूर्वी कधीतरी एक क्लेम फार मोठा आला, तेव्हा मालकांनी "बाराच्या वर काही द्यायचं नाही" असं सांगितलं आणि कोणीतरी ते तळाच्या सूत्रात घातलं. तिथून तो आकडा दर महिन्याच्या प्रतीत उतरत गेला.

गडहिंग्लज लाइनच्या प्रतिनिधीचा ऑगस्टमधला एक दोन दिवसांचा दौरा घेतला तर सगळं उघडं पडतं. १२ तारखेला सकाळी कोल्हापूरहून निघाला, गडहिंग्लज करून संध्याकाळी आजऱ्यात मुक्काम. १३ ला आजऱ्याहून परत गडहिंग्लज आणि तिथून घरी. फर्मच्या तक्त्यात कोल्हापूर ते गडहिंग्लज ७० किलोमीटर आणि गडहिंग्लज ते आजरा २२. जुन्या शीटमध्ये त्या दौऱ्याच्या चार ओळी अशा दिसत होत्या:

| तारीख | फेरी | किमी | प्रवास | भत्ता |
|---|---|---|---|---|
| १२ | कोल्हापूर–गडहिंग्लज | ७० | ३५० | २२० |
| १२ | गडहिंग्लज–आजरा, मुक्काम | २२ | ११० | ४५० |
| १३ | आजरा–गडहिंग्लज | २२ | ११० | २२० |
| १३ | गडहिंग्लज–कोल्हापूर | ७० | ३५० | १२० |

प्रवासाचे ₹९२० बरोबर आहेत. भत्त्याची बेरीज मात्र ₹१,०१० होते. धोरणाप्रमाणे १२ तारखेला मुक्काम म्हणून ₹४५० आणि १३ तारखेला बाहेरून परत आला म्हणून ₹२२०, असे ₹६७० च निघतात. जादाचे ₹३४० त्याने मागितलेले नव्हते. त्याने फक्त फेऱ्या भरल्या, भत्ता शीटने वाटला. घरी परतण्याच्या ओळीवर तर 'कुठे' मध्ये कोल्हापूर आलं म्हणून एच.क्यू. भत्ताही चढला.

मूळ दुखणं हे. किलोमीटरचा हिशेब फेरीचा असतो, भत्त्याचा हिशेब दिवसाचा आणि मर्यादेचा हिशेब महिन्याचा. जुन्या शीटने तिन्ही हिशेब फेरीच्या ओळीत कोंबले होते. दिवसाला एकच फेरी असेल तोवर कळत नाही, म्हणून शीट बनवणाऱ्याने चाचणी घेतली तेव्हा ती अगदी बरोबर चालली असणार.

सगळ्यात मोठी गळती जिथे कोणी बघतच नव्हतं तिथे निघाली. शहर सांभाळणारा प्रतिनिधी दिवसात लक्ष्मीपुरी, कसबा बावडा, गोकुळ शिरगाव असा तीन-तीन ठिकाणी जायचा आणि प्रामाणिकपणे प्रत्येक फेरी वेगळी लिहायचा. ऑगस्टमध्ये त्याचे कामाचे दिवस २२, ओळी ६१. भत्ता मिळाला ६१ गुणिले १२०, म्हणजे ₹७,३२०. मिळायला हवा होता ₹२,६४०. त्याचे किलोमीटर कमी, ६४० च, म्हणजे प्रवासाचे ₹३,२००. एकूण ₹१०,५२०. बारा हजारांच्या आतच, त्यामुळे शीटने हूं की चूं केलं नाही. योग्य रक्कम होती ₹५,८४०.

गडहिंग्लजवाल्याचं गणित याच्या उलट. त्याने १,६४० किलोमीटर लिहिले होते, म्हणजे ₹८,२००. शीटने त्यावर भत्ता चढवला ₹८,३२०. एकूण ₹१६,५२० झाले आणि तळाच्या सूत्राने ते बारा हजारांवर आणले. मालकांना दिसला साडेसोळा हजारांचा क्लेम, प्रतिनिधीला दिसला साडेचार हजारांचा कट. खरी रक्कम दोघांनाही माहीत नव्हती.

नवी शीट तीन पानांची केली: Trips, Days आणि Month. प्रतिनिधी फक्त पहिलं पान भरतो. त्यात तारीख, कुठून, कुठे, ओडोमीटरचं सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग, मुक्काम असेल तर खूण. दर मात्र एका सेलमध्ये ठेवला नाही, Rates नावाच्या तक्त्यात ठेवला: कोणत्या तारखेपासून किती. प्रवासाच्या तारखेवरून दर उचलायचा:

```
=VLOOKUP(A2,Rates!$A$2:$B$10,2,TRUE)
```

शेवटचं TRUE मुद्दाम आहे. तारीख तंतोतंत न सापडली तर तिच्या आधीची सगळ्यात जवळची तारीख ते घेतं, म्हणून तक्ता जुन्यापासून नव्याकडे लावलेला हवा. याची गरज लगेच दिसली. एकाने जुलैच्या शेवटच्या आठवड्यातले २१० किलोमीटर ऑगस्टच्या शीटमध्ये घातले होते. जुन्या पद्धतीने ₹५ लागून ₹१,०५० झाले असते, प्रवासाच्या तारखेने ₹९४५ होतात. फरक छोटा आहे, पण दराचा एकच सेल असला की दर बदलल्यावर त्या फाइलमधले मागचे महिनेही आपोआप बदलतात, आणि मग जुन्या व्हाउचरशी काहीच जुळत नाही.

याच सूत्राने दुसरा एक आजार दाखवून दिला. काही ओळींमध्ये दराऐवजी #N/A आलं. कारण तारीख, तारीख नव्हतीच. मोबाइलवरून कोणी ५.८ असं लिहिलेलं, तर कोणाच्या लॅपटॉपवर अमेरिकन पद्धत चालू. त्या दुसऱ्या प्रकारात महिना आणि दिवस उलटतात: ५ ऑगस्ट लिहायला जावं तर ८ मे होतं. ओळखायची खूण सोपी आहे. एक ते बारा तारखा सेलच्या उजव्या कडेला चिकटलेल्या आणि तेरापासून पुढच्या डावीकडे, असं दिसलं की समजायचं, कारण तेरावा महिना नसल्याने त्या तारखा मजकूर म्हणून पडून राहतात. यात #N/A परवडला, तो डोळ्यांना दिसतो. ८ मे झालेली तारीख गुपचूप जुना दर घेते आणि मे महिन्यात जाऊन बसते. म्हणून तारखेच्या रकान्यावर डेटा व्हॅलिडेशन लावलं: त्या शीटच्या महिन्याबाहेरची तारीख भरताच अडते, आणि मागच्या महिन्याचा राहिलेला प्रवास वेगळ्या शीटवरच घालायचा.

Days पानावर तारखेला एकच ओळ. त्या दिवसाचे किलोमीटर Trips मधून गोळा होतात, तक्त्यातलं अंतरही, आणि मान्य किलोमीटर त्यातून निघतात:

```
=SUMIFS(Trips!$F:$F,Trips!$A:$A,A2)
=MIN(B2,ROUND(C2*1.1,0))
```

भत्त्यासाठी प्रत्येक फेरीला एक आकडा दिला. एच.क्यू. १, एक्स-स्टेशन २, मुक्काम ३. दिवसाच्या ओळीत त्यातला सगळ्यात मोठा आकडा उचलायचा:

```
=MAXIFS(Trips!$I:$I,Trips!$A:$A,A2)
```

१२ तारखेला २ आणि ३ आहेत, म्हणून ३. १३ तारखेला २ आणि १ आहेत, म्हणून २. घरी परतण्याच्या ओळीचा प्रश्न इथेच संपतो. ऑफिसच्या जुन्या एक्सेलमध्ये MAXIFS नव्हतं, ते २०१९ च्या आवृत्तीपासून आलं, म्हणून फाइल गूगल शीट्सवर हलवली.

तासांच्या मोजणीत थोडं जपावं लागतं. दवाखान्यातल्या केसवर थांबून रात्री साडेबाराला घरी पोचलेल्या माणसाचे तास साध्या वजाबाकीने उणे येतात आणि त्याचा भत्ता निम्मा होतो. शिवाय एक्सेल वेळ दिवसाच्या अपूर्णांकात ठेवतं, त्यामुळे बरोबर सहा तास झाले असतानाही आतला आकडा कधीकधी ५.९९९९ निघतो. दोन्हीवर एकच इलाज:

```
=ROUND(MOD(H2-G2,1)*24,2)
```

मग मर्यादा. मी मालकांना एकच अट घातली होती, की शीटने कुणाचे पैसे गुपचूप कापायचे नाहीत. प्रत्येक दिवसापुढे तीन रकाने: मागितलेले, मान्य, थांबवलेले. आणि थांबवलेल्यापुढे कारण लिहिल्याशिवाय ओळ बंद होत नाही. जुन्या शीटमधला MIN हाच मोठा गुन्हेगार होता. काय कापलं, कुठे कापलं आणि का, यातलं काहीच तो मागे ठेवत नव्हता.

गडहिंग्लजवाल्याचा महिना नव्या शीटवर घातला तेव्हा ३६ किलोमीटर थांबले. त्यातले ३० एकाच दिवसाचे. गडहिंग्लजला जाऊन यायचे तक्त्यात १४०, दहा टक्के धरून १५४, आणि त्याने लिहिले होते १८४. मॅडमनी फोन लावला तर उत्तर मिळालं, "बंधारा पाण्याखाली हुता मॅडम, फिरून जायला लागलं." हिरण्यकेशीवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पावसाळ्यात पाण्याखाली जातात आणि नदीपलीकडच्या गावांना वळसा पडतो, हे इथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. तक्त्याला मात्र ते ठाऊक नसतं. व्यवस्थापकांनी ते ३० मान्य केले. उरलेल्या ६ किलोमीटरला कारण मिळालं नाही, ते राहिले.

मान्य झाले १,६३४ किलोमीटर, म्हणजे ₹८,१७०. नऊ हजारांच्या आत. भत्ता: मुक्कामाचे ४ दिवस ₹१,८००, एक्स-स्टेशनचे १२ दिवस ₹२,६४०, एच.क्यू.चे ८ दिवस ₹९६०. एक्स-स्टेशनचा एक दिवस सहा तासांच्या आतला, त्याचे ₹११० वजा. भत्ता ₹५,२९०. एकूण ₹१३,४६०. त्याला मिळाले होते बारा हजार. म्हणजे भत्ता तीन हजारांनी फुगलेला असूनही माणूस ₹१,४६० नं तोट्यात.

हे करता करता धोरणातलीच एक गोम सापडली, ती शीटने नाही, माणसांनीच सोडवायची होती. दर साडेचार होता तेव्हा ₹९,००० म्हणजे २,००० किलोमीटर. दर पाच केला, मर्यादा तशीच ठेवली, तर आता ती १,८०० किलोमीटरलाच संपते. दरवाढीचं परिपत्रक निघालं आणि लांबच्या लाइनवाल्यांचे दोनशे किलोमीटर फुकट गेले, हे परिपत्रक काढणाऱ्यांच्या लक्षातही नव्हतं. मी मर्यादा रुपयांऐवजी किलोमीटरमध्ये ठेवा असं सुचवलं. मालकांनी ती ₹१०,००० केली, म्हणजे पुन्हा २,००० किलोमीटर. पुढच्या दरवाढीला हाच प्रश्न परत येणार, हे त्यांना सांगून ठेवलंय.

मर्यादेबाबत आणखी एक बदल केला, तो मला सगळ्यात उपयोगाचा वाटतो. Days पानावर प्रवासाच्या रकमेची चालू बेरीज ठेवली:

```
=SUM($K$2:K2)
```

ती मर्यादेच्या ऐंशी टक्क्यांवर गेली की सेल पिवळा होतो. प्रतिनिधीला वीस-बावीस तारखेलाच कळतं की उरलेल्या आठवड्यात जपून फिरायचं, नाहीतर साहेबांना आधी विचारायचं. महिना संपल्यावर मर्यादा सांगितली तर तो नुसता दंड होतो. पेट्रोल जळून गेलेलं असतं.

पडताळणीच्या बाकी तपासण्या किरकोळ आहेत. आजचं सुरुवातीचं रीडिंग कालच्या शेवटच्यापेक्षा कमी असेल तर लाल. दुचाकीच्या ओळीत टोल लिहिला तर लाल, कारण किणी असो वा कोगनोळी, राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यावर दुचाकीला टोल पडत नाही. पहिल्याच महिन्यात एका ओळीवर तो लाल पेटला. तो प्रतिनिधी त्या दिवशी मित्राच्या कारने गेला होता आणि सवयीने दुचाकी लिहून बसला होता.

जे ही शीट पकडू शकत नाही तेही सांगायला हवं. दहा टक्क्यांची सूट जाहीर झाली की क्लेम तिच्याकडे सरकतात. दुसऱ्या महिन्यात मी प्रत्येकाच्या दिवसवार किलोमीटरला तक्त्यातल्या अंतराने भागून पाहिलं. बहुतेकांचे आकडे विखुरलेले होते, कधी ०.९८, कधी १.०६. आडवाटेला गाव लागलं तर असंच होतं. दोघांचे मात्र जवळजवळ रोज १.०८ ते १.१० मध्ये, आणि रीडिंगचा शेवटचा आकडा बहुतेक वेळा शून्य किंवा पाच. एकही ओळ लाल नव्हती, नियम कुठेच मोडला नव्हता. यावर मॅडमचं मत असं की मान्य किलोमीटरचा रकाना प्रतिनिधींना दाखवूच नये. मला ते पटत नाही. माणसाला आपले पैसे कसे मोजले जातात ते दिसलंच पाहिजे, लपवलं की पुन्हा तळाच्या सूत्राचीच गत. त्यापेक्षा अशा दोघांकडून महिन्यातले दोन दिवस, तेही आधी न सांगता, ओडोमीटरचा फोटो सकाळ-संध्याकाळ मागवावा. सध्या तसंच चाललंय.

राहिला शहरातल्या प्रतिनिधीचा प्रश्न. त्याला किती महिने जादा भत्ता गेला ते मागच्या शीट उघडून काढता येतं, पण वसूल करायचा का? मालकांनी वसुली सोडून दिली. शीट फर्मची होती, त्याने एकही ओळ खोटी लिहिली नव्हती. पण त्यांच्या सीएंनी एक गोष्ट ध्यानात आणून दिली: दौऱ्याचा भत्ता करमुक्त राहतो तो त्या कामासाठी प्रत्यक्ष खर्च झाला तेवढाच. एकाच दिवसाला तीनदा दिलेल्या भत्त्यातला जादा भाग खर्चाची भरपाई म्हणून दाखवणं कठीण. तो त्या वर्षाच्या पगारात धरायचा ठरलं, आणि त्याच्यावर येणारा कर फर्मने भरायचा की त्याने, यावर मालक आणि सीए यांची बैठक व्हायची आहे.